उपास सोडताना : सलाईन, नाकातली नळी आणि पहिले पाच दिवस

"डॉक्टर, पेशंट आठवडाभर काही खात नाही. निदान सलाईन तरी लावा, म्हणजे अंगात ताकद येईल." कळंब्यात आणि आसपासच्या गावांत रुग्णांचे नातेवाईक हे वाक्य फार वेळा बोलतात. त्यानंतर दुसरा प्रश्न येतो, "नाकातून नळी कशाला? शिरेतूनच जेवण देता येत नाही का?" रुग्ण थोडा सावरला की घरून डबा येतो. त्यात मटणाचं अळणी, तूपभात, शिरा असं सगळं असतं, कारण इतक्या दिवसांचा उपास भरून काढायचा असतो.

या तिन्ही गोष्टींमागे माया आहे, पण तिन्हींत एकेक गैरसमजही आहे. उपाशी शरीराला अन्न कोणत्या वाटेने द्यायचं आणि किती वेगाने द्यायचं, हे वैद्यकशास्त्रालाही फार उशिरा कळलं. त्यातल्या दुसऱ्या प्रश्नाने पहिल्यापेक्षा जास्त घात केला आहे. तो इतिहास आज सांगतो, कारण तो समजला की दवाखान्यात डॉक्टर इतक्या हळू का जातात हेही समजेल. सुरुवात पुण्यापासून करू.

पुणे, 1943 : सहा औंस रस, वीस मिनिटं

10 फेब्रुवारी 1943 रोजी पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असलेल्या महात्मा गांधींनी एकवीस दिवसांचा उपवास सुरू केला. वय 73. अंगावर चरबी मुळातच कमी. देखरेखीला डॉ. सुशीला नायर, मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. गिल्डर आणि कलकत्त्याहून आलेले डॉ. बिधानचंद्र रॉय होते. सरकारी डॉक्टरही होतेच.

तेराव्या दिवसाच्या सुमारास प्रकृती फार ढासळली. मळमळ आणि उलट्यांमुळे पाणीही पोटात ठरेना, नाडी मंद झाली, अंग गार आणि ओलसर पडलं. शेवटी पिण्याच्या पाण्यात मोसंबीचा थोडा रस घालायला ते तयार झाले. त्यानंतर उलट्या थांबल्या आणि तो दिवस निभावला.

उपवास 3 मार्चला सुटला. कस्तुरबांनी त्यांच्या हाती पेला दिला. त्यात पाणी घालून पातळ केलेला सहा औंस, म्हणजे सुमारे 175 मिलिलिटर, संत्र्याचा रस होता. तेवढा रस प्यायला गांधीजींनी वीस मिनिटं घेतली. पुढचे चार दिवस ते संत्र्याच्या रसावरच राहिले. त्यानंतर शेळीचं दूध, फळांचा रस आणि फळांचा गर सुरू झाला.

आता थोडा हिशोब करू. तो पेला निव्वळ रसाचा असता तरी त्यात फार तर 80 कॅलरी भरल्या असत्या. पाणी घातल्यावर त्याहून कमी. एकवीस दिवस उपाशी असलेल्या माणसाचं पहिलं जेवण हे असं होतं. दीर्घ उपास हळूच सोडायचा असतो ही गोष्ट आपल्याकडे अनुभवाने ठाऊक होती. चातुर्मासात मोठे उपास करणाऱ्या घरांत पारण्याला मुगाचं पाणी किंवा पेज देतात, त्यामागे तेच शहाणपण आहे. पण हे असं का, याचं उत्तर तेव्हा कोणाकडेच नव्हतं.

एक गोष्ट इथेच स्पष्ट करतो. गांधीजींचा संत्र्याचा रस म्हणजे आजचं प्रिस्क्रिप्शन नव्हे. त्यातून घ्यायचा आहे तो वेग. रसात साखर आणि पोटॅशियम असतं, पण उपाशी शरीराला ज्या फॉस्फेटची आणि बी-1 जीवनसत्त्वाची निकड असते, ते त्यात फार थोडं मिळतं.

1945 : सुटका झाली, तरी मरण थांबलं नाही

पुण्यात हा उपवास सुटला त्याच वर्षी बंगालमध्ये दुष्काळाने लाखो माणसं मेली. तिथल्या भुकेलेल्यांसाठी साखर घातलेलं पातळ, गोड मिश्रण वापरलं गेलं. त्याला 'बंगाल फॅमिन मिक्स्चर' असं नाव पडलं. दोनच वर्षांनी हेच मिश्रण थेट जर्मनीत पोहोचलं.

15 एप्रिल 1945 रोजी ब्रिटिश सैन्याने बेर्गेन-बेल्सन ही नाझी छळछावणी मुक्त केली. आत सुमारे 60 हजार कैदी होते, त्यातले कित्येक नुसते हाडांचे सापळे. सैनिकांनी माणुसकीने आपल्या शिध्यातलं अन्न, अगदी डबाबंद मांससुद्धा, त्यांना वाटलं. अनेक कैदी ते खाऊन दगावले. सुटकेनंतर तिथे एकूण तेरा हजारांहून अधिक माणसं मेली. सगळी अन्नामुळे नव्हेत, कारण टायफसची साथ आणि महिनोन्‌महिन्यांची उपासमार होतीच. पण पोटभर खाल्ल्यावर उपाशी माणूस मरू शकतो, हे डॉक्टरांनी तिथे डोळ्यांनी पाहिलं.

डॉ. जॅनेट व्हॉन यांचं एक छोटं ब्रिटिश पथक तिथे गेलं होतं. उपासमारीने खंगलेल्यांना अन्न कसं द्यावं हे शोधणं हे त्यांचं काम. त्यांच्याजवळ तेव्हाचं सर्वांत आधुनिक औषध होतं, ते म्हणजे आधीच पचवून तयार केलेली प्रथिनं. ती तोंडाने, नळीने आणि शिरेतून अशी तिन्ही वाटांनी देऊन पाहिली.

शिरेतून देताना वेगळीच अडचण आली. सुई दिसताच काही रुग्ण किंचाळू लागले. त्या छावण्यांत इंजेक्शन म्हणजे मृत्यू, हे त्यांनी पाहिलेलं होतं. पचवलेल्या प्रथिनांची चव इतकी वाईट होती की तोंडाने ती घेववेनात. बंगालचं मिश्रण युरोपातल्या लोकांना फार गोड लागलं. शेवटी पथकाचा निष्कर्ष अगदी साधा निघाला : ज्याला गिळता येतं त्याला साय काढलेलं दूध थोडं थोडं, वारंवार, तोंडाने द्या. त्यापेक्षा या नव्या औषधाने जास्त काही साधत नाही.

आजच्या नियमाचं बीज इथे दिसतं. आतडं चालत असेल तर आतड्याचीच वाट धरायची.

नळीची वाट, आणि तिचा एक धोका

गिळता येत नाही पण आतडं ठीक आहे, अशांसाठी नाकातून जठरापर्यंत जाणारी नळी असते. तुम्ही जिला 'राईल्स ट्यूब' म्हणता ती जॉन राईल या इंग्रज डॉक्टरांच्या नावाची. त्यांनी ती 1921 साली मांडली. लकवा झाल्यावर गिळण्याचे स्नायू ढिले पडतात, तोंडाच्या किंवा घशाच्या कॅन्सरमध्ये घास उतरत नाही, रुग्ण बेशुद्ध असतो किंवा व्हेंटिलेटरवर असतो. अशा वेळी ही नळी वापरतात. चार ते सहा आठवड्यांपेक्षा जास्त काळ लागणार असेल तर पोटावरून थेट जठरात नळी बसवतात. दुर्बिणीतून अशी नळी बसवण्याची पद्धत 1980 साली प्रसिद्ध झाली.

शिरेपेक्षा हीच वाट का? आतड्याच्या अस्तराला आतून अन्न मिळालं नाही तर ते सुकत जातं आणि जंतूंना अडवण्याची त्याची ताकद घटते, असं मानलं जातं. शिवाय शिरेच्या मार्गाने रक्तात जंतुसंसर्ग होण्याचा जो धोका असतो तो इथे नाही. खर्चही कितीतरी कमी.

पण नळी चुकीच्या जागी गेली तर काय होतं, तेही आपल्याच इतिहासात आहे. मे 1933 मध्ये अंदमानच्या सेल्युलर जेलमध्ये राजबंद्यांनी उपोषण केलं. त्यांना दाबून धरून नाकातून नळीने दूध घालण्यात आलं. महावीर सिंह झटापट करत असताना दूध फुफ्फुसात गेलं आणि 17 मेला त्यांचा मृत्यू झाला. त्या उपोषणात आणखी दोघे दगावले.

अन्ननलिका आणि श्वासनलिका घशात शेजारीशेजारी असतात, त्यामुळे आजही हाच सर्वांत मोठा धोका आहे. म्हणूनच नळी टाकल्यावर आतलं पाणी ओढून त्याची आम्लता तपासतात किंवा एक्स-रे काढतात. नळीत हवा सोडून पोटावर आवाज ऐकणं एवढ्यावर विसंबता येत नाही.

घरी नळीने भरवणाऱ्यांनी दोन गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात. भरवताना आणि नंतर निदान अर्धा ते एक तास रुग्णाचं डोकं आणि छाती उंच ठेवा, आडवं झोपवून कधीही भरवू नका. आणि दर वेळी आधी नळीवरची खूण पाहा. खूण सरकलेली दिसली, किंवा भरवताना खोकला, धाप, ओठ निळसर असं काही दिसलं, तर तिथेच थांबा आणि डॉक्टरांना कळवा. नळी हाताने पुन्हा आत ढकलू नका.

शिरेतून जेवण : 1967 चं एक बाळ

आता सलाईनबद्दल. साध्या सलाईनमध्ये मीठ आणि पाणी असतं, कॅलरी शून्य. पाच टक्के ग्लुकोजच्या अर्धा लिटर बाटलीत 25 ग्रॅम साखर असते, म्हणजे सुमारे 85 कॅलरी. एका लहान भाकरीइतक्यासुद्धा नाहीत. सलाईनने पाणी भरून निघतं, रक्तदाब सावरतो, पण ते जेवण नव्हे.

मग बाटलीत साखरच वाढवली तर? दाट साखरेचं पाणी हाताच्या बारीक शिरेला सोसत नाही, शीर सुजते आणि बंद पडते. शिरेतून पूर्ण जेवण देण्याचं घोडं बरीच वर्षं इथेच अडलं होतं. अमेरिकेत फिलाडेल्फियाला डॉ. स्टॅन्ली डड्रिक यांनी त्यावर मार्ग काढला. त्यांनी नळी हृदयाजवळच्या मोठ्या शिरेपर्यंत नेली. तिथे रक्ताचा प्रवाह इतका मोठा असतो की दाट द्रावण क्षणात पातळ होतं. आधी त्यांनी कुत्र्याची पिल्लं केवळ शिरेतल्या अन्नावर वाढवून दाखवली. मग 1967 साली, जन्मतःच आतडं जवळपास निकामी असलेल्या एका मुलीवर हा उपाय झाला. तिचं वजन वाढलं, ती वाढीला लागली आणि सुमारे 22 महिने जगली. त्याआधी अशा बाळाला कोणी काहीच देऊ शकत नव्हतं.

आज हे अन्न दुधासारख्या पांढऱ्या पिशवीत येतं. त्यात साखर, प्रथिनांचे घटक, तेल, क्षार आणि जीवनसत्त्वं असतात. ते लागतं ते आतडं खरोखर बंद असेल तेव्हा : आतड्याला अडथळा किंवा छिद्र, गँगरीनमुळे बरंचसं आतडं काढून टाकलेलं, शस्त्रक्रियेनंतर आतड्यातून मोठी गळती, किंवा फार अपुऱ्या दिवसांचं बाळ. मोठ्या शिरेतल्या नळीतून जंतू थेट रक्तात जाऊ शकतात. म्हणून पिशवी चालू असताना थंडी वाजून ताप आला तर तो लगेच सांगावा. रक्तातली साखर वाढते आणि दीर्घकाळ चालल्यास यकृतावर ताण येतो. एकूण, शिरेतलं जेवण हे नळीपेक्षा 'भारी' औषध नव्हे. वाट बंद असेल तेव्हाचा तो वळसा आहे.

1981 : दोन मृत्यू आणि एक नाव

हे नवं साधन हाती आल्यावर डॉक्टरांनीही तीच चूक केली जी बेल्सनच्या सैनिकांनी केली होती. 1981 साली वाइन्सियर आणि क्रमडीक या अमेरिकन डॉक्टरांनी दोन रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. दोघेही दीर्घकाळ कुपोषित होते. दोघांना शिरेतून भरपूर अन्न जोरात सुरू केलं गेलं आणि थोड्याच दिवसांत दोघेही दगावले. त्यांच्या रक्तातलं फॉस्फेट कोसळलं होतं. लेखाच्या शीर्षकात शब्द होता 'रिफीडिंग सिंड्रोम', म्हणजे पुन्हा अन्न सुरू केल्यावर होणारा बिघाड. आगाखान पॅलेसमधल्या वीस मिनिटांमागचं 'का' आता उलगडलं.

ते असं आहे. उपासात शरीर साखरेऐवजी चरबी जाळतं आणि इन्सुलिन अगदी कमी होतं. दरम्यान पेशींमधला फॉस्फेट, पोटॅशियम आणि मॅग्नेशियमचा साठा हळूहळू रिता होतो. रक्तातली पातळी मात्र नॉर्मल दिसू शकते. घर रिकामं, पण दारातली रांगोळी शाबूत, असा प्रकार. मग अचानक साखर येते. इन्सुलिन उसळतं आणि भुकेल्या पेशी रक्तातलं उरलंसुरलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम आत खेचून घेतात. शरीरातली प्रत्येक हालचाल फॉस्फेटवर चालणाऱ्या इंधनाने होते. ते संपलं की श्वासाचे स्नायू थकतात, हृदयाचे ठोके चुकतात. साखर वापरायला बी-1 जीवनसत्त्व लागतं, तेही संपलेलं असतं, म्हणून रुग्ण बरळू लागतो. शरीर मीठ-पाणी धरून ठेवतं, पाय सुजतात, धाप लागते. हे बहुधा पहिल्या तीन ते पाच दिवसांत घडतं. अन्न तोंडाने दिलं, नळीने दिलं की शिरेतून, याने धोका टळत नाही. शिरेतून जास्त साखर पटकन देता येते, एवढाच फरक.

आज हे कसं करतात

एक उदाहरण धरू. समजा, घशाच्या कॅन्सरचा एक रुग्ण आहे. चार महिन्यांपूर्वी वजन 50 किलो होतं, आज 40 किलो. गेले बारा दिवस घोटभर चहापलीकडे काही उतरलेलं नाही. दहा दिवसांहून जास्त उपास, किंवा तीन-सहा महिन्यांत 15 टक्क्यांहून जास्त वजन घटणं, यांपैकी एकही गोष्ट असली तरी धोका मोठा मानतात. इथे दोन्ही आहेत.

आतडं चांगलं आहे, म्हणून नाकातून नळी. अन्न सुरू करण्याआधी बी-1 दिलं जातं आणि रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम तपासलं जातं. समजा फॉस्फेट 3.2 आलं. प्रौढांत साधारण 2.5 ते 4.5 नॉर्मल, म्हणजे रिपोर्ट चांगला. तरी डॉक्टर सावध राहतात. पहिल्या दिवशी किलोमागे सुमारे 10 कॅलरी, म्हणजे 400 कॅलरी. नळीतून द्यायचं अन्न बहुधा एका मिलिलिटरला एक कॅलरी असं असतं. म्हणजे दर तीन तासांनी 50 मिलिलिटर, दिवसातून आठ वेळा. नातेवाईक ते बघून हबकतात : "एवढंसंच?"

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पुन्हा रक्त तपासतात. समजा फॉस्फेट 1.4 वर आलं. चांगल्या रिपोर्टच्या रुग्णाचं दोन दिवसांत हे होतं, आणि तेही फक्त 400 कॅलरींवर. मग फॉस्फेट भरून काढतात आणि अन्न वाढवणं थांबवतात, गरज पडली तर थोडं कमी करतात. पातळी सावरली की पुन्हा पायरी पायरीने वाढ : 600, 800, 1000. आठवड्याच्या आसपास 1200 कॅलरींपर्यंत, म्हणजे किलोमागे 30 पर्यंत, पोहोचलं की घडी बसली. त्याच रुग्णाला पहिल्याच दिवशी 1200 दिल्या असत्या तर काय झालं असतं, ते 1981 च्या लेखात आहे.

हा धोका कॅन्सरपुरता नाही. दारूचं व्यसन असलेला आणि आठवडाभर जेवण सुटलेला माणूस, सतत उलट्या होणारी गरोदर बाई, मोठ्या शस्त्रक्रियेनंतर फार दिवस उपाशी ठेवलेला रुग्ण, एकटे राहणारे आणि जेवण तुटलेले आजी-आजोबा, सगळे त्यात येतात.

तुमच्या घरात असा कोणी असेल तर डॉक्टरांना दोन गोष्टी आपणहून सांगा : नीट जेवण बंद होऊन किती दिवस झाले, आणि वजन किती महिन्यांत किती घटलं. अन्न सुरू होणार असेल तेव्हा विचारा, "फॉस्फेट तपासणार आहात का?" नेहमीच्या रक्ततपासणीत ते अनेकदा नसतं. आणि अन्न सुरू झाल्यावरच्या पहिल्या पाच दिवसांत पायांना सूज, धाप, छातीत धडधड, हातापायांना मुंग्या, एकाएकी वाढलेला थकवा किंवा बरळणं दिसलं, तर 'अन्न बाधलं' किंवा 'अशक्तपणा आहे' म्हणून घरी थांबू नका, त्याच दिवशी रुग्णालय गाठा. मटणाचं अळणी जरूर आणा, पण ते पहिल्या आठवड्यानंतर, डॉक्टर हो म्हणाले की.